वडिलांनी पाय काढायला नकार दिला, तर मुलांनी सही करावी का?

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे, जुना मधुमेह. पायाला गँगरीन झालंय, नाशिकला ॲडमिट आहेत. डॉक्टर म्हणतात गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, वडील ठाम नाही म्हणतात. दादा म्हणतो ते ग्लानीत असताना आपणच सही करून टाकू, नंतर समजूत काढू. त्यांच्या भल्यासाठीच आहे ना? हे चालतं का?

उत्तर:

दादा म्हणतात तसं करू नका. पण ‘त्यांचा निर्णय, आपण काय बोलणार’ म्हणून हात झटकून घरीही जाऊ नका. मी नाशिकच्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक आहे. पेशंट आणि नातेवाईक यांचं सहीवरून अडलं की केसपेपर फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पाय काढायलाच हवा का, हे मी सांगणार नाही.

आधी ग्लानीतल्या सहीचं बघू. १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईंना दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. आत आजार दिसला, तेव्हा बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि त्याच भुलीत गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००८ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने हेतूवर शंका घेतली नाही, पण संमती मात्र धरली नाही. पेशंट सज्ञान होती, समजण्याच्या स्थितीतली होती, भूल काही तासांत उतरणार होती आणि थांबलं असतं तर जीव जाणार नव्हता. अशा वेळी सख्ख्या आईलाही तिच्या वतीने हो म्हणता येत नाही. दादांचा बेत याच्याही पुढचा आहे. त्या बाईंना निदान कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या वडिलांना विचारलंय आणि ते नाही म्हणालेत.

मग संमतीशिवाय कधीच काही करता येत नाही का? येतं. भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात (जुन्या दंड संहितेत ते ९२ वं होतं) माणूस संमती द्यायच्या अवस्थेतच नसेल, त्याच्या वतीने देणारा कुणी वेळेत मिळणार नसेल, तर त्याच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेल्या कृतीला संरक्षण आहे. कायद्यात दिलेलं एक उदाहरण असं: वाघ माणसाला ओढून नेतोय आणि दुसरा वाघावर गोळी झाडतो, माणसाला लागू शकते हे माहीत असूनही. (आपल्याकडे वाघाऐवजी बिबट्या लिहायला हरकत नाही.) पण त्या माणसाला ‘झाडू का’ असं विचारायला तिथे सवड नसते. तुमच्याकडे निदान आज तरी विचारायला सवड दिसते.

किती सवड आहे, ते मात्र डॉक्टरांना नेमकं विचारा: गँगरीन कोरडं आहे की ओलं? कोरड्यात भाग काळा पडून सुकतो, मेलेल्या आणि जिवंत कातडीमध्ये रेघ दिसू लागते, आणि बऱ्याचदा दिवस-आठवडे हाताशी असतात. ओल्यात सूज, घाण वास, पू आणि ताप असतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो आणि हिशोब तासांवर येतो. नातेवाईकांना हा फरक कुणी समजावलेला नसतो, आणि ‘लगेच सही करा’ एवढंच कानावर पडलेलं असतं.

आता खरा मुद्दा. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ मध्ये एका धोकादायक पुलाचं उदाहरण दिलं होतं. ते मी गोदाघाटावर आणते. पाणी सोडलेलं आहे, सांडवा बुडालाय, आणि बाहेरगावचा माणूस त्यावर पाय टाकतोय. ओरडून सांगायला वेळ नसेल तर हात धरून मागे ओढा. त्याचं स्वातंत्र्य तुम्ही हिरावलं नाही, कारण बुडायचं त्याच्या मनात नव्हतंच. पण त्याला पाणी किती, सांडवा कुठे, सगळं ठाऊक आहे, भान शाबूत आहे आणि तरीही जायचंय, तर मिलच्या मते धोक्याची सूचना देणं एवढंच तुमचं काम. त्याने अपवाद सांगितला तो मुलांचा, आणि भ्रमात असलेल्या किंवा विचार करण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाचा. म्हणून वडिलांचा निर्णय शहाणपणाचा आहे का, हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा की हा नकार खरोखर त्यांचा आहे का.

ते पाहायची पद्धत साधी आहे. माणसाला माहिती समजते का, थोडा वेळ लक्षात राहते का, स्वतःच्या बाबतीत ती तोलता येते का, आणि निर्णय सांगता येतो का. ‘समजलं ना बाबा?’ असं विचारून उपयोग नाही, सगळे मान हलवतात. ‘डॉक्टर काय म्हणाले ते मला तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारायचं, आणि घरचे बाहेर असताना.

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). त्यांच्या कागदावर ‘पेशंट हट्टी, नकार’ एवढंच लिहिलेलं होतं. मी त्यांच्या शब्दांत सांगायला लावलं तेव्हा ते म्हणाले, “पाय कापला की विष वर चढतं. चुलतभाऊ तसाच गेला माझा.” म्हणजे ते शस्त्रक्रियेला नाही म्हणत नव्हते, मरणाला नाही म्हणत होते. सर्जन खुर्ची घेऊन बाजूला बसले आणि भाऊ कशाने गेला असेल ते समजावलं: विष आधीच पसरलं होतं, पाय उशिरा काढला. ते आजोबांना पटलं. दुसरं कारण मग हळूच बाहेर आलं. मुलांवर आधीच सोसायटीचं कर्ज होतं, त्यात आपला खर्च नको. तिथे आम्ही आरोग्यमित्राला बोलावून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते त्यांच्यासमोरच तपासलं. पैशाच्या धाकाने दिलेला नकार हा मी नकार मानत नाही. आधी धाक काढायचा, मग पुन्हा विचारायचं.

एवढं झाल्यावरही एक कारण उरलंच. “ऑक्टोबर छाटणीला मी बागेत उभा नसेन तर मी कशाला जगतोय?” ही चुकीची माहिती नव्हती, भीतीही नव्हती. हा माणूस चाळीस वर्षं जसा जगला, त्याच्याशी जुळणारं ते कारण होतं. इथे आमचं समजावणं संपलं. धाकटा मुलगा माझ्यावर चिडला, “मॅडम, तुम्ही त्यांना मरू देताय.” त्याचं दुःख मला कळत होतं, पण वडिलांचं ‘नाही’ आता पूर्ण समजून-उमजून आलं होतं. मग सर्जननी विचारलं की नाही नेमकं कशाला? गुडघ्याखाली कापायला ठाम नाही. दोन बोटं काढून जखम साफ करायला मात्र चालेल. रक्तपुरवठ्याची तपासणी झाली, कमी कापण्यात जखम न भरण्याचा धोका किती ते सांगितलं, लिहिलं, आणि बोटं काढली. पुढे काय झालं ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण निकाल चांगला लागला म्हणून निर्णय त्यांचा ठरत नाही, आणि वाईट लागला म्हणून आमचा होत नाही.

मानसिक आजार असला की हे सगळं रद्द होतं असं लोकांना वाटतं. तेही खरं नाही. इंग्लंडमध्ये १९९३ साली स्किझोफ्रेनिया असलेल्या एका ६८ वर्षांच्या माणसाच्या पायाला गँगरीन झालं होतं. आपण मोठे डॉक्टर आहोत असा त्याला भ्रम होता. पाय न काढता वाचण्याची शक्यता सर्जननी १५ टक्के सांगितली, त्याने नकार दिला. न्यायालयाने त्याचा भ्रम पाहिला आणि म्हटलं की पायाबद्दलची माहिती मात्र त्याला कळते, पटते आणि तोलता येते. त्याच्या परवानगीशिवाय पाय काढू नये, असा निकाल लागला. म्हणजे क्षमता माणसाची सरसकट मोजायची नसते, त्या एका निर्णयापुरती मोजायची असते.

ग्लानीचं याच्या उलट आहे. तुमच्या वडिलांना जंतुसंसर्गामुळे, साखर फार वर-खाली झाल्यामुळे किंवा रक्तातलं सोडियम घसरल्यामुळे भ्रम होत असेल, तर त्या अवस्थेतला नकार त्यांचा धरू नका. तसाच त्या अवस्थेतला होकारही धरू नका. तो सोयीचा असतो म्हणून कुणी तपासत नाही. हा भ्रम दिवसभरात बदलतो, बहुधा संध्याकाळी-रात्री वाढतो. अशा वेळी त्यांच्या मनाविरुद्ध सलाईन, प्रतिजैविकं आणि इन्सुलिन देणं मला योग्य वाटतं, कारण त्यातून डोकं ताळ्यावर येतं आणि प्रश्न पुन्हा त्यांच्याच हाती जातो. पाय कापणं तसं नाही, कापलेला पाय परत येत नाही. तेव्हा ताप उतरू द्या, सकाळच्या राउंडनंतर विचारा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशीही तेच विचारा. दोन्ही वेळा उत्तर आणि कारण एकच आलं तर ते त्यांचं समजा.

सगळ्यात अवघड जागा पुढे आहे. समजा आज ते शुद्धीत नाही म्हणाले आणि परवा संसर्ग वाढून बेशुद्ध झाले. दादा म्हणतील, आता तर आपणच सही करायची. सही तुमचीच लागेल, पण त्या सहीत मत त्यांचं उतरायला हवं. म्हणून आज शुद्धीत असतानाच, दोघांसमोर, डॉक्टरांच्या उपस्थितीत त्यांना हाही प्रश्न विचारा: ‘बेशुद्ध झालात, आणि पाय काढल्याशिवाय वाचणार नाही असं झालं, तर काय करायचं?’ मी असं पाहिलंय की आज पायाला नाही म्हणणारा माणूस या प्रश्नावर थोडा थांबतो आणि म्हणतो, “मग काढा.” तसं म्हणाले तर तुमची सही स्वच्छ. तेव्हाही नाहीच म्हणाले, तर बेशुद्धीचा फायदा घेऊन काढणं म्हणजे ते उठल्यावर त्यांच्याशी कायमचं खोटं बोलणं. आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नसेल, त्यांनी त्याचा कधी विचारही केला नसेल, तर जीव वाचवायच्या बाजूने चुकणं मला मान्य आहे.

ते जे काही बोलतील ते डॉक्टरांना त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहायला सांगा, नुसतं ‘नकार’ नको. नकार दिला म्हणून उपचार बंद होत नाहीत. ड्रेसिंग, औषधं आणि दुखण्यावरचा इलाज चालूच राहायला हवा. कुणी डिस्चार्जचा कागद पुढे केला तर आधी तुमच्या रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठा. दादांनाही त्या भेटीत बरोबर न्या, आणि बोलायला सुरुवात त्यांनाच करू द्या.