‘नाही हो जमणार’मधला ‘हो’

प्रश्न : मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, घराच्या कामासाठी दोन लाख रुपये हातउसने मागितले आहेत. द्यायचे नाहीत हे ठरलं आहे, पण त्यांना लागू नये असं मराठीत कसं लिहू? माझी बायको केरळची आहे, आम्ही घरी इंग्रजी बोलतो. माझा मसुदा वाचून ती म्हणाली, ‘यात नकार कुठे आहे?’ तिला हा सूर इंग्रजीत कसा समजावू?

तुमचा मसुदा मी पाहिलेला नाही, पण त्यात ‘बघतो’ किंवा ‘सध्या’ असावं असा माझा अंदाज आहे. पत्नीला नकार दिसला नाही तो बहुधा त्यामुळेच. ‘बघतो’ म्हणणाऱ्याच्या मनात नकार असतो, पण ज्याला नड आहे तो त्यात आशाच ऐकतो, आणि त्यात त्याची चूक नसते. ‘सध्या जमणार नाही’ म्हटलं की दिवाळीनंतर पुन्हा फोन येणार, कारण ‘सध्या’ या शब्दानं तुम्हीच पुढची तारीख मोकळी ठेवलेली असते. द्यायचेच नसतील तर हे दोन्ही शब्द काढा. ‘घरी विचारतो’ही नको. त्याचा अर्थ काका एकच लावतील : भाचा द्यायला तयार होता, सूनबाईंनी अडवलं. ‘आम्हाला जमणार नाही’मध्येही थोडं तेच होतं. म्हणून इथे ‘मला’ लिहा.

आता क्रियापद. ‘मी देणार नाही’ यात कर्ता ‘मी’ आहे, म्हणजे न देण्याची इच्छा माझी. ‘मी देऊ शकत नाही’ व्याकरणानं बरोबर आहे, पण घरच्या माणसाला लिहिताना ते अर्जाच्या उत्तरासारखं वाटतं. ‘मला जमणार नाही’ यात मात्र ‘मी’ कर्त्याच्या जागेवरून उठून ‘मला’ होतो. गर्दी जमते, मैफल जमते, लग्न जमतं. चार गोष्टी एकत्र आल्या की ‘जमलं’ म्हणायचं. त्या एकत्र येत नाहीत, एवढंच आपण सांगतो. का येत नाहीत, हे मराठी माणूस सहसा खोदून विचारत नाही. नकार पक्का राहतो आणि दोष कुणाच्याच माथी येत नाही, म्हणून माझं मत या क्रियापदाला.

आणखी एक रचना फार सुंदर आहे. शाळेत आपण शक्य क्रियापद शिकलो : ‘आजीला आता चालवत नाही’, ‘मला हे बघवत नाही’. तसंच ‘तुम्हाला नाही म्हणवत नाही’. नकार तोंडातून निघत नाही, जीव अडतो, हे सगळं त्या ‘-व’मध्ये येतं. पण हे वाक्य एकटं सोडू नका, नाहीतर त्याचा अर्थ ‘देतो’ असाच होईल. त्याच ओळीत पुढे ‘पण’ आणि नकार यायला हवा.

दोन गोष्टी टाळा. स्वतःबद्दल ‘हात आखडता आहे’ असं लिहू नका. हात आखडता घेणं म्हणजे असून कमी देणं. पैशांची ओढाताण सांगायची तर ‘ओढाताण आहे’ असंच म्हणा, आणि तेही खरं असेल तरच. ‘असते तर दिले असते’ हे वाक्य तर मागच्याच महिन्यात गाडी घेतलेल्या माणसानं उच्चारूच नये. नातेवाइकांना सगळं माहीत असतं, आणि नकारापेक्षा खोटं कारण जास्त लागतं. दुसरं म्हणजे ‘क्षमस्व’. तो रस्ता खोदल्यावर लावलेल्या फलकावरचा शब्द आहे. ‘सॉरी’नंही काका एकदम परके होतात.

मी असं लिहीन :

‘काका, तुम्ही हक्कानं विचारलंत, बरं वाटलं. तुम्हाला नाही म्हणवत नाही, पण एवढे पैसे देणं मला जमणार नाही. तुमची दुसरीकडची सोय अडू नये म्हणून लगेच कळवतोय. काम काढाल तेव्हा दोन दिवस येऊन राहतो, सामान हलवायला मी आहे. मावशीला नमस्कार.’

शेवटचं आश्वासन पाळता येणार असेल तरच लिहा. आणि ‘एवढे पैसे’मध्ये एक फट आहे, हे लक्षात असू द्या. त्यातून काका ‘मग पन्नास हजार तरी?’ असं विचारू शकतात. थोडे द्यायची तयारी असेल तर ‘एवढे’ राहू द्या, नसेल तर तिथे नुसतं ‘पैसे’ लिहा. तरीही फोन आलाच, तर तोंडी उत्तर : ‘नाही हो काका, तेही नाही जमणार.’

या ‘हो’मुळे तुमच्या पत्नीचा गोंधळ होईल. तिला मराठीतला ‘हो’ म्हणजे ‘येस’ एवढंच माहीत असेल, तर ‘नाही हो’ तिच्या कानाला ‘नो, येस’ असं लागेल. हा होकार नाही. धाकट्या भावाला ‘नाही रे’, बहिणीला ‘नाही गं’, तसं ज्यांना ‘तुम्ही’ म्हणतो त्यांना ‘नाही हो’. नकार देतानाही तुमचा मान आणि आपलं नातं मला आठवतंय, एवढं ते अक्षर सांगतं. इंग्रजीत त्याला प्रतिशब्द नाही. ‘आय ॲम अफ्रेड’ जवळचं आहे, पण त्यात सौम्यता येते, नातं येत नाही.

‘जमणार नाही’ तिला ‘इट इज नॉट पॉसिबल’ असं सांगू नका, ते खिडकीमागच्या कारकुनासारखं वाटतं. ‘आय वोन्ट बी एबल टू’ म्हणा. आणि हेही सांगा की मराठीत तो पूर्ण नकार आहे, फक्त ‘मी’ बाजूला सरकला आहे. ‘हक्कानं’चं भाषांतर ‘राइट’ केलंत तर सगळंच उलटं होईल, जणू काकांचा तुमच्या पैशांवर कायदेशीर दावा आहे. इथे हक्क मायेचा आहे : परक्याकडे हात पसरला नाही, आपल्या माणसाकडे आले. मी ते असं सांगेन : ‘यू केम टू मी बिकॉज आय ॲम फॅमिली, अँड आय ॲम ग्लॅड यू डिड.’

तिला एक प्रश्न नक्की पडेल : कारण का दिलं नाही? इंग्रजीत नकारासोबत ‘सॉरी’ आणि एखादं कारण आलं की तो सभ्य वाटतो. इथे ते काम ‘काका’ ही हाक, ‘हक्कानं’ आणि सामान हलवायला येण्याचं वचन यांनी केलं आहे. कारण सांगितलं की त्यावर काका तोडगा सुचवणार, तुम्ही तो खोडणार, आणि बोलणं वाढत जाणार. तिला हा निरोप इंग्रजीत वाचून दाखवताना मधेमधे ‘अंकल’ घालू नका. आपल्याकडे हाकेनं जवळीक वाढते. इंग्रजीत नकाराच्या वाक्यात तीच हाक पुन्हा पुन्हा आली की समज दिल्यासारखी वाटते.