‘ब्रेकर बंद करा’ म्हणजे वीज चालू की बंद?

‘विमानाच्या देखभाल पुस्तिकेचं मराठी करतोय. एका शब्दाला एकच अर्थ, असा नियम आहे. मग इंग्रजी ‘क्लोज’ला सगळीकडे ‘बंद करणे’ ठेवलं तर चालेल ना?’

नाही चालणार. सर्किट ब्रेकरपाशीच गाडी अडेल.

विमानातला ब्रेकर म्हणजे बहुधा पॅनेलवरचं छोटं बटण. ते आत दाबलेलं असलं की वीज वाहते. बाहेर ओढलं की वीज तुटते आणि बटणाच्या दांड्यावरचा पांढरा पट्टा दिसू लागतो. इंग्रजीत विजेचं मंडल, म्हणजे सर्किट, पूर्ण झालं की ते ‘क्लोज’, तुटलं की ‘ओपन’. मराठी कानाला मात्र ‘बंद’ म्हणजे वीज गेली. म्हणजे शब्दाला शब्द ठेवला की क्रिया नेमकी उलटी होते.

समजा, इंधनाचा पंप बदलायचा आहे. पहिली पायरी: पंपाचा ब्रेकर ‘ओपन’ करा आणि त्यावर ‘क्लोज करू नका’ अशी पाटी लावा. तुमच्या पद्धतीने पाटीवर येईल, ‘बंद करू नका’. पाळी बदलते. नवा तंत्रज्ञ पाटी वाचतो, बाहेर आलेलं बटण बघतो आणि समजतो की हा चालू ठेवायचा होता, कुणीतरी चुकून ओढला. तो बटण आत दाबतो. तिकडे दुसऱ्याचे हात पंपाच्या तारांत.

म्हणून इथे मंडलाची अवस्था न सांगता हाताची क्रिया सांगावी: ‘ब्रेकर बाहेर ओढा’, ‘ब्रेकर आत दाबा’. पाटीवर ‘आत दाबू नका’. यात चालू-बंदचा प्रश्नच येत नाही.

तांत्रिक पुस्तिकांच्या सोप्या इंग्रजीसाठी ठरवलेल्या ज्या प्रमाणातून तुमचा नियम आला असावा, त्या एएसडी-एसटीई१०० मध्ये ‘क्लोज’चा ‘जवळ’ हा अर्थ बाद केलेला आहे. पण ही छाटणी इंग्रजीच्या गोंधळासाठी केलेली. मराठीचे गोंधळ वेगळे, तेव्हा चालणाऱ्या शब्दांची यादी मराठी शब्दापासून सुरू करून करावी लागेल. ‘बंद’चंच बघा. ‘पंप बंद आहे’ म्हणजे कुणी थांबवला, की बिघडला? ‘पंप बंद असल्याची खात्री करा’ या पायरीला बिघडलेला पंपही पास होतो! मी तरी ‘बंद करणे’ हे झडप, झाकण, दार यांच्यापुरतं ठेवेन. पंप ‘थांबवा’. बिघाडाला ‘बिघडला’. ‘बंद पडला’ यादीतून काढून टाका.

मसुदा झाला की फाइलमध्ये ‘बंद’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या आधीचं नाम वाचा. झडप, झाकण, दार यांखेरीज काही निघालं, तर ती ओळ इंग्रजी न बघता एखाद्या तंत्रज्ञाला द्या आणि हात कुठे जाईल ते दाखवायला सांगा.