२० महिन्यांत तिमाह्या किती? सहा, आणि वर दोन महिने

प्रश्न: २० महिन्यांची ठेव आहे, ८ टक्के, तिमाही चक्रवाढ. सूत्रात n किती टाकू, २०, ६ की ६.६७? आणि दुसरीकडे ८.२ टक्के देतायत पण चक्रवाढ वर्षातून एकदाच, मग जास्त कुठे मिळेल?

n म्हणजे चक्रवाढीचे पुरे टप्पे किती, आणि ते इथे सहा. वरचे दोन महिने n मध्ये कोंबायचे नाहीत, त्यांचा हिशोब शेवटी वेगळा करायचा. कुठे जास्त ते खाली सांगतो, कारण ते मला वाटलं होतं तेवढं सरळ निघालं नाही.

आधी मोजणं. सूत्र बाजूला ठेवा आणि कागदावर तारखा लिहा. समजा ठेव १० फेब्रुवारीला ठेवली. पहिलं व्याज मुद्दलात जमा होणार १० मे ला, मग १० ऑगस्ट, १० नोव्हेंबर, परत १० फेब्रुवारी, १० मे, १० ऑगस्ट. झाल्या सहा वेळा. पुढची तारीख १० नोव्हेंबर, पण ठेव त्याआधीच १० ऑक्टोबरला संपते, म्हणजे सातवी तिमाही पुरी होतच नाही, तिचे फक्त दोन महिने हाताला लागतात. मी स्वतः पहिल्यांदा हे केलं तेव्हा बोटावर मोजताना सुरुवातीची १० फेब्रुवारी पण धरली आणि सात काढले, आणि मग दोन हजारच्या आसपास जास्तीची अपेक्षा घेऊन बसलो. ठेव ठेवली त्या दिवशी काहीच जमा होत नसतं. कुंपणाला खांब सात असले तरी मधल्या फटी सहाच असतात ना, तसं आहे हे, आपल्याला फटी मोजायच्यात.

दुसरी गोष्ट, n आणि दर एकाच मापात पाहिजेत. n तिमाहीत मोजला तर दर पण तिमाहीचा, म्हणजे ८ भागिले ४, २ टक्के. हे अर्धंच केलं की काय होतं बघा: अडीच वर्षांची ठेव घ्या, दहा तिमाह्या. दर ८ च ठेवून n दहा टाकला तर लाखाचे २,१५,८९२ येतात, अडीच वर्षांत दुप्पट, वाचूनच हसू येतं. उलट दर २ करून n अडीच ठेवला तर १,०५,०७५, म्हणजे वर्षाला २ टक्क्यांच्या घरात. खरा आकडा १,२१,८९९. ही चूक पकडायला सोपी आहे, सरळव्याज मनात काढून बघायचं (८ गुणिले अडीच, २० टक्के, म्हणजे १,२०,०००) आणि चक्रवाढीचं उत्तर त्याच्या थोडं वर पाहिजे. खूप वर किंवा खाली आलं की कुठेतरी दर आणि n ची मापं जुळलेली नाहीत.

आता तुमची ठेव, लाख धरून. पहिल्या तिमाहीला २,००० व्याज, झाले १,०२,०००. दुसऱ्या तिमाहीला व्याज या १,०२,००० वर, म्हणून २,०४०. ते वरचे ४० म्हणजेच चक्रवाढ, दुसरं काही नाही. तिसऱ्याला २,०८०.८०, चौथ्याला २,१२२.४२. वर्षाचं व्याज झालं ८,२४३.२२, तर वर्षातून एकदा चक्रवाढ असती तर ८,००० झालं असतं. वर्षभराचा फरक २४३, बस. लोक तिमाही चक्रवाढ म्हटलं की फार काहीतरी मोठं समजतात पण पहिल्या वर्षी एवढंच असतं, आणि म्हणूनच कुणी "८ टक्के तिमाही" म्हणालं की मी मनात ८.२४ टक्के वार्षिक असं वाचतो. मोठा होतो तो मुदत वाढली की, १० वर्षांना तोच दर तिमाहीने २,२०,८०४ देतो आणि वार्षिकने २,१५,८९२, जवळजवळ पाच हजारांचा फरक.

पुढे चला. पाचव्या तिमाहीनंतर १,१०,४०८.०८, सहाव्यानंतर १,१२,६१६.२४. इथे आपण १० ऑगस्टला उभे आहोत आणि दोन महिने उरलेत. या तुकड्यावर साधारणपणे सरळव्याज लावतात: १,१२,६१६.२४ वर ८ टक्क्यांनी दोन महिने, १,५०१.५५. एकूण १,१४,११७.७९. स्प्रेडशीटमध्ये टाकायचं असेल तर एका ओळीत:

```
=100000*(1+0.08/4)^6*(1+0.08*2/12)
```

तुम्ही जे ६.६७ म्हणताय ते अगदीच चूक नाही, बरेच ऑनलाइन कॅल्क्युलेटर तेच करतात, २० भागिले ३ काढून घातांकात तसंच टाकतात. त्याने १,१४,११२.८३ येतात, म्हणजे पाचच कमी. कमी का, तर अर्धवट घातांक असं धरतो की या दोन महिन्यांचं व्याज तिमाहीच्या २ टक्क्यांच्या वाटेवर हळूहळू वाढतंय आणि सुरुवातीला ते किंचित मागे असतं, सरळव्याज मात्र पहिल्या दिवसापासून सरळ रेषेत चालतं. म्हणून पावतीवरची मुदतीअंती रक्कम आणि मोबाईलवरचा आकडा यात चार-पाचचा फरक दिसला तर कुणी फसवलं असं नाही, तुकडा वेगळ्या पद्धतीने मोजलाय एवढंच.

तिमाहीत तुकडा छोटा असतो, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या आत, त्यामुळे हा फरक चिल्लर राहतो. वार्षिक चक्रवाढीत तोच तुकडा अकरा महिन्यांचाही असू शकतो आणि तिथे गंमत सुरू होते.

तुमचं दुसरं ऑप्शन, ८.२ टक्के वार्षिक. २० महिन्यांत पुरी वर्षं किती? एकच. n एक, आणि तुकडा आठ महिन्यांचा. वर्षाअखेर १,०८,२००. त्यावर आठ महिने सरळव्याज, ५,९१४.९३. एकूण १,१४,११४.९३. तिमाहीवाले देतात १,१४,११७.७९. फरक २ रुपये ८६ पैसे! मी तीनदा तपासलं. तेच जर वार्षिकवाल्यांनी तुकडा अर्धवट घातांकाने मोजला तर त्यांची रक्कम १,१४,०३७ होते, म्हणजे तिमाही ७६ ते ८१ ने पुढे, तिमाहीचा तुकडा कसा धरलाय त्यावर. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर दरापेक्षा त्या आठ महिन्यांचं व्याज कसं लावतात यावर जास्त अवलंबून आहे, आणि हे जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं.

याच दोन योजना मुदत बदलून बघितल्या, तुकड्यावर सरळव्याज धरून. १२ महिन्यांना तिमाही ४३ ने पुढे, कारण ८.२४ हे ८.२ पेक्षा जास्त, हे अपेक्षितच. १८ महिन्यांना मात्र वार्षिक २० ने पुढे! २४ ला परत तिमाही, ९४ ने. आधी मला वाटलं मीच कुठेतरी माती खाल्ली, पण कारण साधं आहे: सरळव्याजाच्या सहा महिन्यांत ८.२ चा अर्धा म्हणजे पूर्ण ४.१ टक्के मिळतात, आणि तिमाहीवाल्याला तेवढ्याच काळात ४.०४. वार्षिक योजना वर्षाच्या मधोमध असताना चांगली दिसते, आणि वर्षाच्या टोकाला येता येता तिमाहीवाला तिला गाठतो आणि मागे टाकतो, कारण त्याने तोपर्यंत व्याजावर व्याज घ्यायला सुरुवात केलेली असते. तुमचे २० महिने नेमके त्या गाठण्याच्या जागेवर पडलेत, म्हणून फरक तीनच्या आत.

आणि आता जरा पाणी ओततो, कारण मी वर सगळीकडे महिने बाराने भागलेत. बऱ्याच ठिकाणी तुकडा दिवसांवर मोजतात, दिवस भागिले ३६५. १० फेब्रुवारी ते १० ऑगस्ट हे सहा महिने खरे पण दिवस १८१, म्हणजे अर्ध्या वर्षाला दीड दिवस कमी. वार्षिक योजनेत त्या वेळी एका दिवसाचं व्याज साधारण २४ रुपये पडतं, दीड दिवसाचे ३६ गेले, आणि १८ महिन्यांना जी २० ची आघाडी होती ती १६ ची पिछाडी झाली. फेब्रुवारीऐवजी जुलैत ठेवली असती तर दिवस जास्त आले असते आणि उलट झालं असतं. तुमच्या २० महिन्यांचंही असंच, दिवसांवर मोजलं तर १० फेब्रुवारीच्या तारखेला तिमाहीवाले १,१४,१२१.९० आणि वार्षिकवाले १,१४,०८२.५२, तीनचा फरक एकदम ३९ चा होतो.

ठेवीच्या तारखेपासून तिमाही मोजतात की मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशा ठरलेल्या तिमाहीअखेरीला जमा करतात हेही विचारून घ्या. दुसरा प्रकार असेल तर तुमच्या २० महिन्यांत व्याज सात वेळा जमा होईल, पण पहिल्या वेळचं फक्त ४९ दिवसांचं (१० फेब्रुवारी ते ३१ मार्च), मग सहा पुऱ्या तिमाह्या, आणि शेवटी १० दिवस सुटे. तेव्हा "सात वेळा जमा झालं म्हणजे n सात" असं करू नका, पुऱ्या तिमाह्या तिथेही सहाच आहेत, तुकडा फक्त दोन टोकांना वाटला गेलाय.

अजून एक, फॉर्मवर व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात घेणे असा पर्याय टिक केलेला नाही ना बघा. तो असेल तर मुद्दल लाखच राहतं, दर वेळी २,०००च हातात येतात, आणि वरचं सगळं गणित त्या ठेवीला लागूच होत नाही. नावात तिमाही दोन्हीकडे असतं म्हणून गोंधळ होतो.

मी असतो तर दोन्ही ठिकाणी फक्त मुदतीअंतीची रक्कम लेखी मागितली असती, त्याच तारखेला ठेवून त्याच तारखेला संपणाऱ्या ठेवीची, आणि वरच्या ओळीत आकडे टाकून ती पद्धत कुठली आहे ते ताडून पाहिलं असतं. लाखावर ३९ चाच फरक असेल तर मी मुदतीआधी मोडल्यावर दर किती कापतात ते बघून ठरवेन.