इंग्रजी निकालपत्र वाचताना कायद्याचे शब्द कसे जमवावेत

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आहे. सगळे शिक्षण मराठीतून झाले आणि आता दिवाणी प्रक्रिया संहिता इंग्रजीतून शिकवली जात आहे. निकालपत्र वाचायला घेतले की पानभर शब्द शोधावे लागतात, आणि कोशातला अर्थ लावूनही वाक्य लागत नाही. शब्द जमवायचे कसे?

उत्तर :

वाक्य अडते ते बहुधा ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी. ‘रेस ज्युडिकाटा’ दिसले की आपण कोश उघडतोच. पण ‘रूल’, ‘लीव्ह’, ‘अलाउड’, ‘एक्झिक्यूशन’ हे शब्द शाळेपासून माहीत असल्यामुळे आपण तिथे थांबत नाही आणि चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. ‘अपील अलाउड’ म्हणजे अपील करायला परवानगी मिळाली असे नसून अपील मंजूर झाले, म्हणजे अपील करणारा जिंकला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘लीव्ह ग्रँटेड’चा रजेशी संबंध नाही, विशेष अनुमती याचिकेत अपिलाची परवानगी दिली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पहिली वही अवघड शब्दांची न करता अशा सोप्या दिसणाऱ्या शब्दांची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शब्द अकारविल्हे पाठ करू नयेत. त्याऐवजी एकच वाद निवडावा आणि तो तालुक्यापासून नागपूरपर्यंत जाताना त्याच्याबरोबर चालावे. आपल्या भागातला नेहमीचा वाद घेऊ. शेजाऱ्याने शेताचा धुरा फोडून नांगराचे दोन तास आत सरकवले आणि शेतकऱ्याने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्याकडे निरंतर मनाई हुकुमाचा दावा लावला. त्याने दिलेले ते वादपत्र, शेजाऱ्याने दिलेला तो लेखी जबाब, आणि दावा चालू असेपर्यंत शेजाऱ्याला रोखण्यासाठी दिलेला तो तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज. या अर्जाला आपल्याकडच्या न्यायालयांत सगळे ‘निशाणी ५’ म्हणूनच ओळखतात. संहितेचा आदेश ३९, नियम १ व २ इथे लागतो आणि न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात : प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, सोयीचा समतोल कोणाच्या बाजूने आहे, आणि मनाई न दिल्यास भरून न येणारी हानी होईल का. दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग या १९९१ सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या तिन्ही कसोट्या विस्ताराने सांगितल्या आहेत, आणि या विषयावरच्या निकालपत्रांत त्या पुन्हा पुन्हा भेटतात. तीन इंग्रजी शब्दसमूह आणि त्यांचे तीन मराठी पर्याय एकदा एकत्र लिहून ठेवले की अशा निकालपत्रांचा मधला मोठा भाग वाचता येऊ लागतो.

आता निशाणी ५ वरच्या आदेशाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील होते, ते आदेश ४३, नियम १ च्या खंड आर खाली. त्यानंतर कलम १०४(२) मुळे दुसरे अपील नाही. म्हणून पक्षकार संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करतो. इथे भाषा बदलते. तालुक्याला कामकाज मराठीत चालू शकते, पण अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत येतो, आणि पहिल्याच ओळीत तुम्हाला ‘रूल’ असा एकटा शब्द दिसेल. याचा अर्थ नियम नव्हे. याचिका सुनावणीला घेतली आणि समोरच्या पक्षाला उत्तर देण्यास सांगितले, हा त्याचा अर्थ. शेवटी ‘रूल मेड ॲब्सोल्यूट’ असेल तर याचिका मंजूर, ‘रूल डिस्चार्ज्ड’ असेल तर फेटाळली. त्यामुळे निकालपत्र शेवटच्या परिच्छेदापासून वाचावे : तिथली क्रियापदे आधी लावावीत, कोण जिंकले ते कळू द्यावे, आणि मग कारणे वाचायला वर यावे. ‘इम्पग्न्ड ऑर्डर सेट असाइड’, म्हणजे आव्हानित आदेश रद्द, आणि ‘रिमांड’, म्हणजे प्रकरण फेरविचारासाठी खालच्या न्यायालयाकडे परत. गुन्ह्याच्या खटल्यात हाच ‘रिमांड’ आरोपीच्या कोठडीबाबत येतो, म्हणून वहीत शब्दापुढे प्रकरणाचा प्रकार अवश्य लिहावा.

उलट दिशेची अडचण याहून घातक आहे, कारण ती आपल्या बोलीतून येते. गावात मनाई हुकूम मिळाला तरी ‘स्टे आला’ म्हणतात. परंतु मनाई हुकूम पक्षकाराला रोखतो आणि तो मोडल्यास आदेश ३९, नियम २-अ खाली मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कैद होऊ शकते. स्थगिती ही मुख्यतः न्यायालयाच्या कामकाजाला किंवा हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला थांबवते. तसेच ‘निकाल’ या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. कलम २(९) प्रमाणे न्यायनिर्णय म्हणजे न्यायाधीशांनी दिलेली कारणे. कलम २(२) प्रमाणे हुकूमनामा म्हणजे दाव्यातील वादग्रस्त बाबींबाबत पक्षकारांचे हक्क निर्णायकपणे ठरवणारी औपचारिक अभिव्यक्ती. आणि हुकूमनामा नसलेला औपचारिक निर्णय तो आदेश. यावर अपिलाचा मार्ग ठरतो. वादपत्र आदेश ७, नियम ११ खाली नामंजूर झाले तर तो कायद्याने हुकूमनामा मानला जातो आणि कलम ९६ खाली अपील होते. नियम १० खाली वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत केले तर तो आदेश असतो आणि अपील आदेश ४३ खाली जाते. पूर्ण सुनावणीनंतर दावा फेटाळला, ही तिसरीच गोष्ट. तिन्हींना ‘दावा फेटाळला’ असे लिहिणारा विद्यार्थी मराठी उत्तम लिहीत असला तरी त्याचे उत्तर चुकते.

वर्गात भाषांतर करत बसू नये, कारण तेवढ्यात पुढची तीन वाक्ये निघून जातात. ऐकलेला शब्द देवनागरीत लिहावा, शेजारी कलम क्रमांक लिहावा आणि पुढची जागा कोरी ठेवावी. संध्याकाळी आधी त्या कलमाची किंवा व्याख्येची इंग्रजी भाषा वाचावी, मग भाषा संचालनालयाच्या न्याय व्यवहार कोशातला पर्याय लिहावा, आणि शेवटी तालुक्याचे वकील प्रत्यक्षात कोणता शब्द वापरतात तो. कोशातला ‘व्यादेश’ आणि कोर्टातला ‘मनाई हुकूम’ हे दोन्ही माहीत असले पाहिजेत. ओळखीच्या वकिलांकडे एखाद्या निकाली प्रकरणाचे मराठी वादपत्र आणि त्यावरचा उच्च न्यायालयाचा इंग्रजी निकाल मागून दोन्ही शेजारी ठेवून वाचता आले, तर त्याहून चांगला कोश नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या काही निर्णयांची मराठी भाषांतरेही आता संकेतस्थळावर मिळतात. परिच्छेद क्रमांक जुळवून ती अवश्य वाचावीत; मात्र ती पक्षकाराला समजण्यापुरतीच असून अधिकृत पाठ इंग्रजीच आहे, असे त्यांवरच नमूद केलेले असते, म्हणून उत्तरात उतारा द्यायचा तर मूळ इंग्रजीतून घ्यावा. ‘सब्जेक्ट टू’, ‘नॉटविथस्टँडिंग’ आणि ‘प्रोव्हायडेड दॅट’ हे तीन जोड भाषांतरात विशेष तपासावेत. पहिला म्हणजे ‘च्या अधीन राहून’, म्हणजे दुसरी तरतूद वरचढ. दुसरा म्हणजे ‘काहीही अंतर्भूत असले तरी’, म्हणजे हीच तरतूद वरचढ. तिसरा परंतुक, जो आधीच्या नियमाला बहुधा अपवाद जोडतो. पहिले दोन उलटे लागले तर संपूर्ण कलमाचा अर्थ उलटतो. म्हणून कलम वाचताना पेन्सिलीने आधी या तीन शब्दांभोवती गोल करावा आणि मग उरलेले वाक्य वाचावे.