पास घ्यायचा, सुटी तिकिटं काढायची की कार्ड टॅप करत जायचं?

प्रश्न: आम्ही दोघं चार दिवसांसाठी एका मोठ्या शहरात जातोय. पहिल्या दिवशी संध्याकाळी पोचू, चौथ्या दिवशी दुपारी निघू. तिथे दिवसाचा पास मिळतो, शिवाय बँकेचं कार्ड टॅप करूनही बस-मेट्रोत बसता येतं म्हणे. चार दिवसांचे चार पास घेऊन मोकळं व्हावं का? की लागेल तेव्हा तिकीट काढलेलं बरं?

उत्तर:

चार पास घेऊ नका, निदान आत्ता डोळे झाकून तरी नको. तुमचे चार दिवस सारखे नाहीत. पहिला अर्धा, चौथा अर्धा आणि मधले दोन पूर्ण. पासची किंमत मात्र चारही दिवस तीच असते. म्हणून आधी एक आकडा काढा: एका पासच्या किमतीत किती सुटी तिकिटं येतात? दोन्ही दर त्या शहराच्या वाहतूक सेवेच्या संकेतस्थळावर असतात. हा आकडा हातात आला की निम्मा निर्णय तिथेच होतो.

पास साडेतीन तिकिटांच्या किमतीचा आहे असं धरू. तुमचा पहिला दिवस म्हणजे मुक्कामाला पोचणं आणि रात्री जेवायला जाऊन येणं. परतताना चालत आलात तर दोन प्रवास. दुसऱ्या दिवशी भरपूर फिरणं, पाच प्रवास, त्यातले चार संध्याकाळी सहाच्या आत. तिसऱ्या दिवशी एकाच भागात पायी फिरणार, सकाळी जाणं आणि संध्याकाळी येणं, दोन प्रवास. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत तीन. एकूण झाले बारा.

चार पास घेतलेत तर चौदा तिकिटांचे पैसे गेले. प्रत्येक वेळी तिकीट काढलंत तर बारा, म्हणजे पासपेक्षा सुटी तिकिटं स्वस्त. फक्त दुसऱ्या दिवशी पास आणि बाकी सुटी तिकिटं घेतलीत तर साडेदहा.

आता बघायचं की पास 'तारखेचा' आहे की 'चोवीस तासांचा'. लोक हे बघत नाहीत आणि खरा फरक इथेच पडतो. तारखेचा पास संध्याकाळी सहाला घेतला तर त्याच रात्री संपतो. चोवीस तासांचा पास सहाला सुरू झाला तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत चालतो. म्हणजे पहिल्या संध्याकाळचे दोन आणि दुसऱ्या दिवसाचे चार, असे सहा प्रवास साडेतीन तिकिटांत झाले. दुसऱ्या रात्री परत येण्याचं एक सुटं तिकीट, तिसऱ्या सकाळचं एक. तिसऱ्या संध्याकाळी परतताना दुसरा पास सुरू केलात की तो चौथ्या दुपारपर्यंतचे तीन प्रवासही सांभाळतो. सगळं मिळून नऊ तिकिटांचे पैसे. प्रवास तेवढेच, खर्च चौदावरून नऊवर. पास कोणत्या घटकेला सुरू करायचा एवढंच ठरवायचं असतं.

'दिवस' कधी संपतो हेही शहरागणिक वेगळं. म्युनिकचा दिवसाचा पास मध्यरात्री संपत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चालतो. लंडनमध्ये भाड्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. रात्री उशिरा परतणाऱ्यांना हे माहीत असेल तर एक तिकीट वाचतं.

प्रवास मोजताना एक काळजी घ्या: तिथलं भाडं ज्या पद्धतीने मोजतात तसेच मोजा. काही ठिकाणी एकाच तिकिटावर ठरावीक वेळात बस बदलता येते. लंडनमध्ये बसला पहिला टॅप केल्यापासून एका तासात दुसऱ्या बसमध्ये बसलात तर वेगळं भाडं पडत नाही. अशा ठिकाणी दोन बसचा एकच प्रवास धरायचा. उलट, जिथे गाडी बदलली की नवं तिकीट लागतं तिथे दोन धरायचे. बाराचे आठ होऊ शकतात, अठराही होऊ शकतात, आणि मग वरचा सगळा हिशेब बदलतो.

आता टॅपचं. काही शहरांत कार्डाला दिवसाची कमाल मर्यादा असते, तिला डेली कॅप म्हणतात. तुम्ही टॅप करत राहायचं, मर्यादा गाठली की त्या दिवसाचे पुढचे प्रवास फुकट. म्हणजे पास घ्यायचा की नाही हे सकाळी ठरवावं लागत नाही. कमी फिरलात तर कमी पैसे, जास्त फिरलात तर पासएवढेच. लंडनमध्ये बँकेच्या कार्डावर 2014 पासून भुयारी रेल्वेतही असंच चालतं, आणि सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही मर्यादा आहे. तुम्ही जाताय त्या शहरात मर्यादा असेल आणि ती पासच्या किमतीच्या जवळपास असेल, तर मी टॅपच करेन. वरच्या उदाहरणात मर्यादा साडेतीन तिकिटांची धरली तर साडेदहा लागतील. चोवीस तासांच्या दोन पासांपेक्षा ते थोडे जास्त आहेत, पण त्यात घड्याळाकडे बघायचं नाही, यंत्रासमोर रांग नाही आणि बेत बदलला तरी नुकसान नाही.

पण नुसतं टॅप करता येतं म्हणून मर्यादा असेलच असं धरू नका. पुष्कळ ठिकाणी टॅप म्हणजे फक्त पैसे भरायची सोय असते. दर टॅपला एक सुटं तिकीट कापलं जातं, सहा वेळा टॅप केलंत तर सहा तिकिटं. 'कॅप' किंवा 'कमाल भाडं' असा शब्द त्यांच्या भाडेपत्रकात दिसला तरच मर्यादा आहे असं समजा.

मर्यादा असेल तर ती माणसाला नसते, कार्डाला असते. यंत्राला तुम्ही कोण हे माहीत नसतं, त्याला एक क्रमांक दिसतो आणि त्या क्रमांकाखाली दिवसभराची बेरीज होते. फोनमध्ये तेच कार्ड घातलं की फोन यंत्राला मूळ क्रमांक देत नाही, पर्यायी क्रमांक देतो. घड्याळातही तेच कार्ड असेल तर त्याचा तिसराच. म्हणजे सकाळी प्लास्टिकचं कार्ड, दुपारी फोन आणि संध्याकाळी घड्याळ वापरलंत तर यंत्राच्या लेखी ते तीन वेगळे प्रवासी. तिघांचीही मर्यादा गाठली जात नाही आणि तुम्ही पूर्ण भाडं भरत राहता. बँक खातं एकच असल्यामुळे हे लवकर लक्षातही येत नाही. म्हणून सकाळी जे बाहेर काढाल तेच रात्रीपर्यंत वापरा. फोन वापरणार असाल तर तो रात्रीपर्यंत चालू राहायला हवा. तो मध्येच बंद पडला तर बाहेर पडतानाचा टॅप करता येईलच असं नाही.

तुम्ही दोघं आहात, तर दोघांना वेगळं कार्ड हवं. एकाच कार्डावर दोघांचा हिशेब नीट लागत नाही. जिथे उतरतानाही टॅप करायचा असतो तिथे तर लागूच शकत नाही, कारण तुमच्यामागून त्याच कार्डाने दुसरा टॅप झाला की यंत्राला वाटू शकतं की तुम्हीच बाहेर पडलात, किंवा ते तो टॅप घेतच नाही.

उतरतानाच्या टॅपबद्दल नीट सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. अंतराप्रमाणे भाडं असेल तर चढताना एक टॅप आणि उतरताना एक टॅप लागतो. भाडं सगळीकडे सारखं असेल तर चढतानाचा एकच पुरतो. लंडनच्या बसला फक्त चढताना टॅप करतात, सिंगापूरच्या बसला उतरतानाही करावा लागतो. मेट्रोला फाटकं असली की आठवण राहते, कारण टॅप केल्याशिवाय फाटक उघडत नाही. घोटाळा होतो तो फाटकं नसलेल्या स्थानकात. तिथे टॅपचं यंत्र एखाद्या खांबावर असतं आणि गर्दीच्या लोंढ्याबरोबर आपण त्याच्या पुढे निघून जातो.

माझं एकदा असंच झालं. छोट्या, उघड्या स्थानकावर उतरले, पाऊस होता, सगळे पळत सुटले, मीही पळाले. दुसऱ्या दिवशी खात्यात बघते तर त्या एका प्रवासाला नेहमीच्या तिपटीहून जास्त पैसे गेलेले. बाहेर पडल्याची नोंद नसली की यंत्रणा तुम्ही सगळ्यात लांब गेलात असं धरून कमाल भाडं लावते. वर हे भाडं दिवसाच्या मर्यादेतही धरलं नव्हतं. मी त्यांच्या संकेतस्थळावर कार्डाची नोंदणी करून तो अपुरा प्रवास शोधला आणि कुठे उतरले ते लिहून दिलं. फरक परत मिळाला. तेव्हापासून रोज रात्री दोन मिनिटं काढून दिवसभराचे प्रवास बघते. एखाद्यापुढे 'अपूर्ण' असं दिसलं तर लगेच दुरुस्ती मागते, कारण त्यालाही मुदत असते.

बँकेच्या यादीत मात्र हे शोधू नका. पुष्कळ ठिकाणी दिवसभराची बेरीज करून रात्री एकच रक्कम कापतात, त्यामुळे पहिल्या टॅपनंतर अगदी किरकोळ रक्कम अडकलेली दिसली तर घाबरू नका. खरी रक्कम नंतर येते. जाण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर कॉन्टॅक्टलेस चालू आहे का ते बघा, आणि परदेशी जात असाल तर परदेशातले व्यवहारही. ते बंद असतील तर फाटकासमोर लाल दिवा लागतो आणि मागे रांग उभी राहते. शिवाय पाकीटच्या पाकीट यंत्राला टेकवू नका. आत दोन कार्डं असली तर भलत्याच कार्डाचे पैसे जातात.

पासच ठरवलात तर दोन गोष्टी बघा. कागदी पासवर शिक्का मारायचा असतो का? बर्लिनमध्ये स्थानकावरच्या छोट्या यंत्रात तिकीट घालून शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट, पैसे भरलेले असले तरी, तपासनीसाच्या लेखी तिकीट नसतंच. आणि विमानतळाची गाडी पासात येते का? ती बऱ्याचदा वेगळ्या झोनमध्ये किंवा वेगळ्या कंपनीची असते. तुमचे पहिला आणि शेवटचा प्रवास तेच असणार, त्यामुळे हे विचारून घ्याच.

दोघं आहात म्हणून अजून एक: सामूहिक दिवसाचा पास मिळतो का बघा. म्युनिकमध्ये एका गट-पासवर पाच मोठी माणसं फिरू शकतात. असा पास दोन एकेरी पासांपेक्षा स्वस्त असेल तर तुमच्या भरगच्च दुसऱ्या दिवशी तोच घ्या. पण मग दिवसभर दोघांनी बरोबरच राहायचं. तुम्ही एकीकडे आणि जोडीदार दुसरीकडे असं झालं की पास ज्याच्या खिशात नाही तो विनातिकीट ठरतो.

शहराचं नाव सांगितलंत आणि साधारण रोज कुठून कुठे जाणार ते लिहिलंत तर तिथलं भाडेपत्रक उघडून तुमचे प्रवास एकेक करून मांडून बघू.