बाटलीच्या तळाशी बसलेली माती

प्रश्न: शेततळ्याचा नवीन मातीचा बांध खालून पाझरतोय. काँट्रॅक्टर म्हणतो माती बसली की आपोआप बंद होईल. खरंच होतं का असं? कुणाला अनुभव?

कधीकधी होतं, पण तुमचं तसलं आहे का हे एका रात्रीत कळतं. माझ्या बाबतीत झालं नव्हतं, आणि त्यात चूक माझीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी तेव्हा २४ वर्षांचा, इंजिनिअरिंग पास होऊन दोन वर्षं झालेली. गोरेगाव पूर्वेला आरेच्या अंगाला एका नर्सरीच्या जागेत पाणी साठवायला छोटं तळं करायचं काम होतं. तळं म्हणजे साधारण ३०० चौरस मीटर, उताराच्या बाजूला १० फूट उंच मातीचा बांध, आणि तळापासून ४ फुटांवर बांधातून आरपार गेलेला ६ इंची पीव्हीसी पाइप, खालच्या झाडांना पाणी सोडायला. वॉल्व्ह बांधाच्या बाहेरच्या टोकाला. एप्रिलअखेर बांध झाला, टँकर आणि बोअरवेल मिळून ८ फूट पाणी भरलं, आणि तिसऱ्या दिवशी बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला, पाइपापासून डावीकडे पाच-सहा फूट लांब, ओल आली. आठवड्यात ओलीची धार झाली.

माझा संशय डाव्या टोकावर, जिथे बांध टेकडीच्या कातळाला जाऊन मिळतो तिथे. पुस्तकात असतंच की जोडावरून पाणी शिरतं म्हणून, आणि गळती पण डावीकडेच होती, म्हणजे माझ्या मते विषय संपला. मी तिथे सिमेंटचं ग्राउट भरायचं कोटेशन पण मागवलं होतं.

साइटवर एक म्हातारे गवंडी होते, भांडुपला राहायचे, मूळ माणगावकडचे. गावाकडे तरुणपणी तळ्यांची आणि पाझर तलावांची कामं केलेली, इथे आमच्याकडे पंपहाऊसचं दगडकाम करायला आले होते. बांधाशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. ते मला साहेब म्हणायचे आणि मी त्यांना काका, सगळी साइटच काका म्हणायची. कोटेशनचं ऐकल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "साहेब, पाणी गढूळ येतंय का नितळ?" मी म्हटलं नितळ, दिसतंय की. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पाण्याची रिकामी बाटली धारेखाली भरून घेतली, पंपहाऊसच्या खिडकीत ठेवली आणि म्हणाले, हलवू नका, सकाळी बघू.

सकाळी बदलापूरची लोकल चुकवून, मग दुसरी पकडून घामाघूम पोचलो तर काका बाटली समोर धरून उभे. बाटलीच्या तळाशी नखाएवढ्या जाडीचा तांबूस थर. डोळ्यांना नितळ दिसणारं पाणी रात्रभर बांधातली माती वाहून नेत होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच आहे. पाणी स्वच्छ असेल आणि धार तेवढीच राहत असेल किंवा कमी होत असेल, तर थांबून बघायला हरकत नाही, नव्या बांधात चिकणमाती फुगते, गाळ बसतो, पहिल्या पावसाळ्यात पाझर बराच उतरतो. पण पाण्यासोबत माती येत असेल तर आत वाट तयार होतेय. ती बाहेरच्या बाजूने आत आत पोखरत जाते आणि जेवढी रुंद होते तेवढं पाणी जास्त, जेवढं पाणी जास्त तेवढी माती जास्त. अशा बांधाची माती "बसत" नाही, ती चाललेली असते.

मग आम्ही मोजायला लागलो. १५ लिटरची बादली ५० सेकंदांत भरत होती. म्हणजे दिवसाला जवळपास २६ हजार लिटर, आणि पट्टीवर पाणी रोज साडेनऊ सेंटीमीटर उतरत होतं, त्यातलं मेच्या उन्हाने उडणारं जेमतेम एखादा सेंटीमीटर. म्हणजे हिशेब जुळत होता, अजून कुठे दुसरी गळती लपलेली नव्हती.

आता मला शंका आली ती पाइपाच्या जॉइंटची, कारण वॉल्व्ह बाहेरच्या टोकाला असला की बांधाच्या पोटातला सगळा पाइप कायम दाबाखाली असतो (वॉल्व्ह आतल्या तोंडाला घेतला असता तर बरं झालं असतं, हे आता सुचतंय). एका पोराने पाण्यात उतरून पाइपाच्या तोंडात गोणपाट गुंडाळलेला बोळा ठोकला आणि आम्ही बाहेरून वॉल्व्ह उघडून पाइप रिकामा केला. बादली तशीच ५० सेकंद. म्हणजे गळती पाइपाच्या आतून नव्हती. मी लगेच पुन्हा डाव्या टोकावर आलो.

काकांनी गेरू आणला, मूठमूठभर बादलीत कालवला आणि लांब नळीने डाव्या टोकाच्या तळाशी हळूहळू सोडला. तासभर वाट बघितली. काही नाही, धार जशीच्या तशी. माझं ग्राउटिंग तिथेच संपलं, आणि खरं सांगायचं तर मला रागच आला होता, गवंड्याने आपल्याला चूक ठरवलं याचा.

मग काका म्हणाले पाणी उतरवा, पण रोज एक फुटाच्या वर नाही. हे का, तर ओला झालेला आतला उतार पाण्याच्या आधाराने उभा असतो, पाणी एकदम काढलं तर मातीतलं पाणी तेवढ्या पटकन निघत नाही आणि उतार घसरून खाली येतो. तुम्ही पण घाईत पंप लावून तळं रिकामं करू नका. तर बोळा काढला, वॉल्व्ह थोडा उघडला, रोज एक फूट उतरवायचं, वॉल्व्ह बंद करायचा आणि बादली लावायची. ५० सेकंद, मग एक मिनिट, मग सव्वा मिनिट, मग पावणेदोन. आता पाइपाच्या वर फुटभर पाणी उरलं होतं. काका म्हणाले, आता पाइपाशी सोडा गेरू. पाइप जिथे बांधात शिरतो तिथे नळी धरली, चहावाल्याकडून कटिंग मागवली, आणि कटिंग संपायच्या आत डावीकडची धार लाल.

दुसऱ्या दिवशी पाणी पाइपाखाली गेलं आणि गळती थांबली. पूर्ण थांबली. गळती ज्या पातळीला थांबते, पाणी त्याच पातळीला आत शिरत असतं. इतकं सरळ होतं आणि मी बाहेर पाणी कुठे दिसतंय तिकडेच बघत बसलो होतो. पाणी पाइपाच्या कडेकडेने येऊन शेवटच्या काही फुटांत एका सैल थरातून डावीकडे वळलं होतं.

मला तरी पटेना. म्हटलं काका, पाइपावर दोन कॉलर आहेत, तीन-तीन फुटी चौकोनी काँक्रीटच्या, ड्रॉइंगप्रमाणे, पाणी कडेने जाऊच नये म्हणून. आणि दर थराला माती किती घट्ट दाबली गेलीये याची मी कोअर कटरने टेस्ट घेतलीये, सगळ्या ९५ टक्क्यांच्या वर. काकांनी विचारलं, "साहेब, पाइपाच्या वरनं तुम्ही दाबलं. पोटाखाली कुणी दाबलं?"

खोदलं. पहिल्या कॉलरपाशी पोचल्यावर काकांनी एक पातळ सळई घेतली आणि कॉलरच्या कुशीतल्या मातीत नुसत्या बोटांनी ढकलली. शिऱ्यात चमचा जावा तशी गेली. चार फुटांवर मोकळ्या बांधात तीच सळई अंगाचा भार टाकूनही वीतभर जाईना. पाइपाच्या पोटाखाली तर माझा पंजा आत गेला, थंडगार, गुळगुळीत पोकळी.

झालं असं होतं की गोल पाइपाच्या खालच्या दोन्ही बगलांत यंत्र पोचत नाही. जंपर वरून आदळतो, माती बाजूला दबते, पण पोटाखाली सावलीसारखी सैल जागा राहते. आणि कॉलरमुळे ती अजून वाढली, कारण ऑपरेटर काँक्रीट फुटेल म्हणून त्याच्या जवळ जंपर नेतच नव्हता. पाण्याची वाट लांबवायला म्हणून घातलेल्या कॉलरनेच दोन सैल खिसे करून दिले होते. आणि माझ्या टेस्ट? सगळ्या मोकळ्या जागेत घेतलेल्या, जिथे कटर सरळ बसतो तिथे. पाइपापासून दोन फुटांत एकही नाही. रजिस्टर काढून बघितलं तेव्हा कानशिलं तापली माझी.

पुढचं काम दोन आठवड्यांत उरकायचं होतं, जून तोंडावर. कॉलर फोडून काढल्या. खोदलेल्या चराच्या उभ्या भिंती तासून उतरत्या केल्या आणि खरवडल्या, नाहीतर जुनी-नवी माती एकजीव होत नाही आणि तिथे दुसरी फट तयार. पाइपाखाली काँक्रीटची बैठक केली, पाइपाच्या अर्ध्या उंचीपर्यंत, बाजू बाहेर उतरत्या, म्हणजे पोटाखालची अडचणीची जागाच उरली नाही आणि माती त्या उतारावर वरून दाबता येते.

माती भरण्यावर काका स्वतः बसले. घमेल्यातली माती घेऊन तळहातांमध्ये वळायचे. सुतळीपेक्षा थोडी जाड वळी होऊन मग तुटायला लागली की "घाला". आधीच भुगा झाला तर पाणी शिंपडा, हाताला चिकटली तर उन्हात पसरा. आम्ही लॅबमध्ये ३ मिलिमीटरची वळी करून हेच बघतो, फक्त मी साइटवर कधी केलं नव्हतं. चार-चार इंचांचे थर, पाइपाजवळ जंपर बंद, दोन माणसं हातातल्या धुम्मसने ठोकणार. दर थराला सळई टोचून बघायची, आणि ती मी टोचायची असा काकांचा हुकूम.

एक गोष्ट मी वाचून सुचवली ती त्यांना आवडली. बांधाच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात पाइपाभोवती चारी बाजूंनी वाळूचा जाड पट्टा, तिथून पायथ्याला खडीतून बाहेर. हल्ली कॉलरऐवजी हेच करतात. पाणी अडवायचा हट्ट नाही, आलंच तर येऊ दे, वाळू माती अडवून ठेवते. आम्ही क्रश सँड वापरली पण त्यातली पूड पट्टा तुंबवते, म्हणून काकांनी ती तीनदा धुवायला लावली, पोरं वैतागली होती.

तिथून विहार तलाव फार लांब नाही, १८६० चा, त्याचेही बांध मातीचे. काकांना सांगितलं तर म्हणाले, तेव्हा जंपर नव्हता म्हणून टिकले असतील.

जुलैत तळं काठोकाठ भरलं. खडीतून बारीक पाझर आला, त्याच १५ लिटरच्या बादलीला अर्ध्या तासाच्या वर लागला. बाटली भरून तीन दिवस खिडकीत ठेवली, तळ स्वच्छ.

तुमच्या बांधातून पाइप गेलाय का ते लिहिलं नाहीत. आज रात्री एक बाटली भरून ठेवा, बादलीला किती सेकंद लागतात ते मोजा, आणि उद्या दोन्ही इथे टाका. माती बसलेली दिसली तर काँट्रॅक्टरला फोन करायच्या आधी रोज फुटभर पाणी उतरवायला सुरुवात करा, आणि बांधाखाली कुणाचं घर किंवा झोपडी असेल तर त्यांना आधी सांगा.