लीलो म्हणजे निळा नव्हे

प्रश्न: नंदुरबारच्या दुकानात सुरतेची एक बाई ‘लीली साडी’ मागत होती. दुकानदाराने हिरव्या काढल्या आणि तिने त्यातलीच एक घेतली. लीली म्हणजे निळीच ना? गुजरातीत निळा-हिरवा एकच धरतात का?

तुमच्या कानाने मूळ बरोबर पकडलं, रंग मात्र चुकला. गुजराती ‘लीलो’ हा संस्कृत ‘नील’चाच वंशज. न-ल ची अदलाबदल आपल्याकडेही आहेच. हिंदीवाल्यांचा नीम तो आपला कडुलिंब.

संस्कृतात ‘नील’ म्हणजे गडद रंग. गर्द निळा, गर्द हिरवा, काळासुद्धा त्यात बसे. त्या ऐसपैस शब्दातली निळी बाजू मराठीने घेतली, हिरवी गुजरातीने. मग आभाळाच्या रंगाला त्यांनी ‘वादळी’ आणि ‘भूरो’ हे वेगळे शब्द लावले. म्हणजे आजच्या गुजरातीत दोन रंगांची सरमिसळ नाही, फक्त नावं आपल्याशी जुळत नाहीत.

सरमिसळ आहे की नाही, हे ओळखायची सोपी रीत आहे. पान आणि आभाळ दाखवून दोन्हींचा रंग विचारायचा. गुजराती माणूस सरळ दोन शब्द देईल. व्हिएतनामी माणूस दोन्हींना ‘सान्ह’ म्हणेल आणि फोड करायचीच झाली तर ‘झाडाच्या पानाचा सान्ह’, ‘आभाळाचा सान्ह’ असं जोडून सांगेल. एका शब्दात दोन रंग म्हणतात ते हे. फरक त्यालाही दिसतो. आपण पोपटी आणि बाटलीहिरवा दोन्हींना हिरवाच म्हणतो, तसं.

‘लीलो’ची खरी गंमत पुढेच आहे. आमच्या मावशीच्या सुनेचं माहेर बारडोलीचं. एकदा ती बाजारातून आली आणि म्हणाली, ‘लीली हळदर’ आणली. मी पिशवीत डोकावलो तर मातकट सालीच्या गाठी. एक मोडली, आत भगवट पिवळी. हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही. ही तर आपली ओली हळद! हिरवं ते ताजं, ताजं ते ओलसर, असा तो शब्द सरकत गेला. म्हणून आपला ओला दुष्काळ त्यांच्याकडे ‘लीलो दुकाळ’ होतो. कापसाची बोंडं पावसाने काळी पडली तरी दुकाळ लीलोच. (हळद आणि हिरवा हे शब्दही मुळात भाऊबंदच, हरिद्रा आणि हरित. संस्कृत ‘हरि’मध्ये पिवळा-हिरवा एकत्र नांदत होते.)

तर सुरतेला निळी साडी घ्यायची असेल तर ‘वादळी’ मागा. ‘भूरी’ही चालेल, पण सोबत आपल्याकडची वहिनी असेल तर आधी कल्पना द्या. तिच्या डोळ्यांपुढे भुरी मांजर येईल आणि ती म्हणेल, असला मळकट रंग कशाला घेता?